एक बार लाल, बाकी राखाडी: जळगाव-धुळ्याच्या आकड्यांवरून समजून घ्या रंगाची ही युक्ती

व्हॉट्सअॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर असा बार चार्ट तुम्ही पाहिला असेल. पाच-सात बार शेजारी शेजारी उभे असतात. त्यातला एकच बार लालभडक असतो आणि बाकीचे सगळे राखाडी. वर ठळक अक्षरात एक ओळ असते, तुम्ही ती वाचता आणि पुढे सरकता. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं.

त्या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय पाहायचं, हे तुम्ही ठरवलेलं नसतं. ते चार्ट बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

यात काही गैर आहे का? मुळीच नाही. नीट वापरली तर आकडे समजावून सांगण्याची ही सगळ्यात प्रामाणिक पद्धत आहे. पण जो बार रंगवला त्याच्याबद्दल चार्ट जितकं बोलतो, तितकंच जे बार राखाडी केले त्यांच्याबद्दलही बोलतो. हे दुसरं बोलणं सहसा आपल्या लक्षात येत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या एका खऱ्या आकडेवारीवरून हे समजून घेऊया.

डोळा आधी रंगाकडेच का जातो?

हिरव्या पानांच्या ढिगात एक लाल मिरची पडली असेल तर ती शोधावी लागत नाही, ती दिसतेच. पानं वीस असोत की दोनशे, फारसा फरक पडत नाही. पण त्याच ढिगात थोडं वेगळ्या आकाराचं एक पान शोधायला सांगितलं, तर एकेक पान पाहावं लागतं आणि पानं वाढली की वेळही वाढतो.

अॅन ट्राइसमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये याच गोष्टीची मांडणी केली. रंगासारखा एकच ठळक फरक असेल, तर मेंदू संपूर्ण दृश्यातून तो एका झटक्यात टिपतो. दोन-तीन गुण एकत्र जुळवून पाहायचे असतील, तर मात्र लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं.

बार चार्टमध्ये पाच जिल्ह्यांना पाच वेगवेगळे रंग दिले, तर डोळ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. बाजूला दिलेली रंगांची यादी पाहायची, मग परत बारकडे यायचं, असा खो-खो सुरू होतो. चार बार राखाडी केले की रंग हा एकच फरक उरतो आणि नजर थेट तिथे जाते.

हे चालतं ते मुख्यतः राखाडीमुळे. बाकीचे बार निळे आणि हिरवे ठेवून एक लाल केला, तर तो लाल गर्दीतला आणखी एक रंग ठरतो.

आता खरे आकडे घेऊ

नाशिक विभागात पाच जिल्हे येतात: नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे किती मुली होत्या, याला बाल लिंग गुणोत्तर म्हणतात. अंतिम आकडे असे होते:

- नंदुरबार: ९४४
- धुळे: ८९८
- नाशिक: ८९०
- अहमदनगर: ८५२
- जळगाव: ८४२

त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे जिल्ह्यांच्या तुलनेसाठी हेच आकडे वर्षानुवर्षं फिरत राहिले. म्हणून पहिली सवय ही, की असा चार्ट दिसला की त्यावर वर्ष लिहिलंय का ते बघा. रंग ताजा असतो, पण आकडा जुना असू शकतो.

आता या पाच आकड्यांचा बार चार्ट बनवायचा आहे. सांगायची गोष्ट आहे, 'विभागात मुलींचं प्रमाण जळगावात सर्वात कमी आहे.' मग जळगावचा बार लाल, बाकी चार राखाडी. बार चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावायचे, म्हणजे जळगाव एका टोकाला येईल. शीर्षकही तेच सांगणारं हवं. 'जिल्हानिहाय बाल लिंग गुणोत्तर' असं लिहिलं तर लाल रंग कशासाठी आहे ते वाचकाला कळत नाही. 'जळगावात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली, विभागात सर्वात कमी' असं लिहिलं की शीर्षक आणि रंग एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

रंग असेल तर बार कापावे लागत नाहीत

हा चार्ट शून्यापासून काढला की एक अडचण दिसते. समजा चार्टची उंची १० सेंटिमीटर आहे आणि बाजूची पट्टी ० ते १००० अशी आहे. मग जळगावचा बार साधारण ८.४ सेंटिमीटर होईल, धुळ्याचा ९ आणि नंदुरबारचा ९.४. सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या बारमध्ये जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक. मोबाइलच्या स्क्रीनवर तो आणखी लहान दिसणार.

इथे अनेकांना मोह होतो, की पट्टी शून्याऐवजी ८०० पासून सुरू करावी. तसं केलं की त्याच १० सेंटिमीटरमध्ये जळगावचा बार २.१ सेंटिमीटर होतो आणि नंदुरबारचा ७.२. पाहणाऱ्याला वाटतं, नंदुरबारमध्ये मुली जळगावच्या तिप्पट आहेत. खरा फरक आहे हजारामागे १०२ मुलींचा. आपण बार वाचतो तो त्याच्या लांबीवरून, त्यामुळे खालून कापलेला बार खोटं बोलतो.

रंगाचं काम इथे उपयोगी पडतं. बारची लांबी खरी ठेवायची आणि 'इकडे बघा' हे सांगायचं काम रंगावर सोपवायचं. लाल केल्याने ८४२ चा आकडा बदलत नाही, बारही बुटका होत नाही. फक्त नजर तिथे आधी पोहोचते.

तरीही फरक ठळक दिसायला हवा असेल, तर मोजायची गोष्टच बदला. जगभरात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे माणसाने ढवळाढवळ केली नाही तर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली असायला हव्यात. हा आकडा जन्माच्या वेळचा आहे आणि जनगणनेचा ६ वर्षांपर्यंतचा, म्हणून तो काटेकोर न मानता अंदाजे खूण म्हणून धरू. आता प्रत्येक जिल्हा त्या खुणेपेक्षा किती कमी आहे ते काढा:

- जळगाव: १०८ ने कमी
- अहमदनगर: ९८ ने कमी
- नाशिक: ६० ने कमी
- धुळे: ५२ ने कमी
- नंदुरबार: ६ ने कमी

या आकड्यांचे बार शून्यापासूनच काढले तरी फरक डोळ्यांत भरतो, आणि काहीही कापावं लागत नाही. शीर्षकात मात्र 'हजार मुलग्यांमागे किती मुली कमी' हे स्पष्ट लिहायचं आणि ९५० ची खूण कुठून आली तेही खाली सांगायचं.

राखाडी म्हणजे 'सगळं ठीक' नव्हे

ही दुसरी यादी पाहिली की मूळ चार्टमधली गोची लक्षात येते.

जळगाव लाल आणि धुळे राखाडी असा चार्ट धुळ्यातल्या एखाद्या ग्रुपवर आला, तर वाचणाऱ्याच्या मनात काय येईल? 'जळगावचं अवघड आहे बुवा, आपलं बरंय.' चार्टमध्ये असं कुठेही लिहिलेलं नाही. धुळ्याचा आकडाही बरोबर छापलेला आहे. पण राखाडी रंग पार्श्वभूमीचा आहे. 'हे नेहमीचं, इथे बघायचं काही नाही' असं तो न बोलता सांगतो.

धुळ्याचा ८९८ हा आकडा राज्याच्या ८९४ पेक्षा थोडा वर आहे, हे खरं. पण राज्याचा आकडाच ९५० च्या बराच खाली आहे. २००१ मध्ये धुळ्यात हा आकडा ९०७ होता, म्हणजे दहा वर्षांत तो घसरलाच. जळगावात तो ८८० वरून ८४२ वर आला. घसरण जळगावात मोठी आहे, पण वर कोणीच गेलेलं नाही.

यावर उपाय सोपा आहे. चार्टवर ९५० च्या उंचीवर एक बारीक तुटक रेघ काढायची आणि तिच्याशेजारी लिहायचं, 'साधारण अपेक्षित प्रमाण'. आता लाल बार जळगावचाच राहतो, पण सगळे राखाडी बारही रेघेच्या खाली आहेत हे दिसतं. धुळ्याच्या वाचकाला आपला बार रेघेपर्यंत पोहोचत नाही हे कळतं, आणि नंदुरबार रेघेला जवळपास टेकलंय हेही.

एवढी एक रेघ नसेल तर चार्ट 'सर्वात वाईट कोण' इतकंच सांगतो. रेघ असेल तर 'किती असायला हवं होतं' हेही सांगतो.

लाल एकाचाच का, दोघांचा का नाही?

जळगाव ८४२ आणि अहमदनगर ८५२. दोघांत फरक दहाचा. पण चार्टमध्ये एक लालभडक आहे आणि दुसरा राखाडी. रंगाने या दोघांमध्ये जी दरी दाखवली, ती आकड्यांत नाही.

दहाचा फरक किती गंभीरपणे घ्यायचा, याचा अंदाज जनगणनेतूनच मिळतो. २०११ चे आकडे आधी तात्पुरते आले आणि नंतर अंतिम. महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर तात्पुरत्या आकड्यांत ८८३ होतं, अंतिम आकड्यांत ८९४ झालं. संपूर्ण राज्याचा आकडाच ११ ने हलला. मग दोन जिल्ह्यांमधल्या दहाच्या फरकावर 'हा दोषी, तो निर्दोष' असं चित्र उभं करणं योग्य नाही.

अशा वेळी दोन्ही बार रंगवावेत. पण मग शीर्षकही बदलायला हवं: 'जळगाव आणि अहमदनगरमध्ये हजार मुलग्यांमागे मुली ८६० हूनही कमी.' तीन बार रंगवायची वेळ आली, तर समजा की ही युक्ती या गोष्टीसाठी नाही. पाचातले तीन रंगीत असतील तर नजर पुन्हा भटकते. तिथे साधी आकड्यांची यादी बरी.

आणखी एक प्रश्न विचारायला हवा. चार्टमध्ये कोणते बार घेतले आणि कोणते बाहेर ठेवले? नाशिक विभाग घेतला तर जळगाव तळाला. संपूर्ण महाराष्ट्र घेतला तर तळाला बीड, ८०७ वर. २०१२ मध्ये परळीचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण गाजलं, तेव्हा राज्याची नजर बीडवर होती. ते साहजिकही होतं. पण राज्याच्या चार्टमध्ये बीड लाल केला की जळगाव राखाडीत जातं, आणि विभागाच्या चार्टमध्ये तेच जळगाव लाल होतं. आकडा दोन्हीकडे ८४२ च.

उलटंही करता येतं. तेच पाच बार घ्या, नंदुरबारला गडद हिरवा करा, बाकी राखाडी. शीर्षक द्या, 'आदिवासीबहुल नंदुरबार मुलींच्या प्रमाणात विभागात पुढे.' हेही खरंच आहे. एकाच आकडेवारीतून दोन खऱ्या गोष्टी निघाल्या. कोणती सांगायची हे बनवणाऱ्याने निवडलं.

स्वतः बनवायचा असेल तर

गूगल शीट्समध्ये पहिल्या रकान्यात जिल्ह्यांची नावं आणि दुसऱ्यात आकडे लिहा. आकड्यांप्रमाणे रांगा लावून घ्या आणि `Insert` मधून `Chart` निवडा. कॉम्प्युटरवर चार्टवर डबल क्लिक केलं की उजवीकडे `Customize` दिसतं. त्यात `Series` उघडून आधी सगळ्या बारना राखाडी रंग द्या. मग तिथेच खाली `Format data point` च्या बाजूचं `Add` दाबा, जळगावचा बार निवडा आणि त्याला लाल करा. एक्सेलमध्ये एका बारवर पहिल्यांदा क्लिक केलं की सगळे बार निवडले जातात. त्याच बारवर पुन्हा एकदा क्लिक केलं की तो एकटाच निवडला जातो, मग त्याचा रंग बदला.

यात एक चूक हमखास होते. असा हाताने दिलेला रंग जिल्ह्याच्या नावाला चिकटत नाही, रांगेतल्या जागेला चिकटतो. तुम्ही पाचवा बार लाल केला आणि नंतर यादीचा क्रम उलटा लावला, तर पाचव्या जागी आलेलं नंदुरबार लाल होतं. वर शीर्षक मात्र जळगावचंच राहतं. म्हणून क्रम आधी ठरवा, रंग शेवटी द्या.

हे दरवेळी सांभाळायचं नसेल तर आकडे दोन रकान्यांत विभागा. नावं `A` मध्ये आणि आकडे `B` मध्ये असतील, तर `C` आणि `D` मध्ये अनुक्रमे ही सूत्रं टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=IF(A2="जळगाव",B2,0)
=IF(A2="जळगाव",0,B2)
```

आता `A`, `C` आणि `D` घेऊन `Stacked column chart` काढा. `C` ला लाल रंग द्या, `D` ला राखाडी. शून्याच्या बारला उंचीच नसते, त्यामुळे प्रत्येक जिल्ह्याचा एकच बार दिसतो आणि क्रम कसाही बदलला तरी लाल रंग जळगावसोबतच जातो. बारवर आकडे दाखवले तर मधूनच '0' उमटेल, तेवढे शून्य काढून टाका.

कोणता लाल आणि कोणता राखाडी?

फॉरवर्ड होता होता चार्टची झेरॉक्स निघते, कोणी तो काळ्या-पांढऱ्यात छापतं. कोणाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. अशा वेळी रंग उडतो आणि गडद-फिका एवढाच फरक उरतो.

उदाहरणार्थ, `#C0392B` हा गडद लाल घेतला आणि बाकीचे बार `#707070` या गडद राखाडीत ठेवले, तर स्क्रीनवर छान दिसतं. पण काळ्या-पांढऱ्यात दोन्ही जवळपास सारखेच होतात, लाल बार गायब. तेच राखाडी `#BFBFBF` इतकं फिकट घेतलं, तर झेरॉक्समध्येही जळगावचा बार गडद उठून दिसतो. तपासायला वेगळं काही लागत नाही. चार्टचा स्क्रीनशॉट काढा, मोबाइलच्या फोटो एडिटरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा आणि बघा, मुद्द्याचा बार अजून ओळखू येतो का.

बार फिकट केले म्हणून अक्षरं फिकट करू नका. धुळे, नाशिक ही नावं आणि त्यांचे आकडे उन्हात मोबाइल धरून वाचता यायला हवेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर `#767676` पेक्षा फिकट अक्षर नको. इथवर गडद-फिक्याचं प्रमाण ४.५ ला १ राहतं, आणि वेबवरच्या साध्या मजकुरासाठी कमीत कमी तेवढं प्रमाण असावं असा मान्य निकष आहे. नाव वाचताच आलं नाही तर तो बार राखाडी राहत नाही, पुसला जातो.

शेवटचं भान आपल्याकडचं. भगवा, निळा, हिरवा हे रंग महाराष्ट्रात नुसते रंग नसतात. जिल्ह्याचा बार त्यांपैकी एखाद्या रंगात दिला, तर काही वाचक आकड्याआधी पक्ष किंवा समाज वाचतील आणि कमेंटमध्ये भांडण त्याचंच होईल. मुलींचा विषय म्हणून गुलाबी वापरला तर तो फिकट पडतो आणि उठूनही दिसत नाही. गडद लाल किंवा गडद जांभळा त्या मानाने बरा.

फॉरवर्ड करण्याआधी काय बघायचं?

असा चार्ट समोर आला की लाल बार वाचून झाल्यावर नजर मुद्दाम राखाडी बारांवर न्या. त्यांचे आकडे लिहिलेत का? लाल बारच्या सर्वात जवळचा राखाडी बार किती अंतरावर आहे? पट्टी शून्यापासून सुरू होते का? किती असायला हवं होतं, हे सांगणारी रेघ किंवा आकडा आहे का?

नाशिक विभागाच्या आपल्या चार्टला हे प्रश्न लावले, तर जळगाव तळाला आहे ही बातमी खरीच ठरते. पण सोबत हेही कळतं की अहमदनगर तिच्यापासून फक्त दहा पावलांवर उभं आहे, आणि राज्याच्या सरासरीवर असलेलं धुळेही हजारामागे सुमारे ५० मुलींनी मागे आहे.